वर्णनातील आवाहनाचे स्थान

आमच्या व्यवसायातील अनेक मंडळी आता यूट्यूबवर आरोग्यविषयक व्हिडिओ प्रसिद्ध करतात. त्यांची वर्णने वाचताना एक दोष आम्हांस वारंवार आढळतो. विषय मागे राहतो आणि आवाहन पुढे येते.

उदाहरणार्थ, ‘उन्हाळ्यात दही की ताक?’ या व्हिडिओचे वर्णन घेऊ. ‘नमस्कार, चॅनल सबस्क्राइब करा, घंटी दाबा, कमेंट करा’ असा त्याचा आरंभ आहे. वर्णनास ५००० अक्षरांची मुभा असली, तरी शोधयादीत त्याचा आरंभीचा अल्प भागच दिसतो आणि व्हिडिओखालील उरलेला मजकूर उघडून पाहावा लागतो. म्हणजे दही, ताक, उन्हाळा हे शब्द नेमके झाकले गेले. महत्त्वाचे शब्द आरंभी असावेत, असे यूट्यूबचेही सांगणे आहे.

आमच्या मते पहिली दोन वाक्ये केवळ विषयाची असावीत: ‘उन्हाळ्यात दही खावे की ताक प्यावे? ग्रीष्म ऋतूत दही का टाळावे व ताक कसे घ्यावे, हे या व्हिडिओत सांगितले आहे.’ रुग्ण जे शब्द शोधतो, ते येथे सहज आले. पुढे चार-पाच वाक्यांचा खुलासा असावा. त्यानंतर एक ओळ मोकळी सोडून आवाहनाची एकच ओळ द्यावी: ‘ऋतुचर्येवरील पुढील व्हिडिओंसाठी सबस्क्राइब करा.’ तिच्यापुढे चॅनलचा दुवा ठेवून त्याच्या शेवटी पुढील अक्षरे जोडावीत. संगणकावर तो उघडताच सदस्यत्वाची विचारणा होते.

```
?sub_confirmation=1
```

वेळसूची, पत्ता इत्यादी मजकूर याखाली यावा. आवाहन अगदी तळाशी ढकलू नये, कारण तेथवर थोडेच वाचक पोहोचतात. तसेच ‘ताक, ताकाचे फायदे, ताक कधी प्यावे’ अशी शब्दांची माळ ओवून जागा भरू नये. अशी भरताड यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे.

अभिप्रायाचे आवाहन वर्णनात न ठेवता व्हिडिओखाली स्वतःच लिहून वर खिळवलेल्या अभिप्रायात द्यावे, हे आम्हांस अधिक युक्त वाटते. जेथे उत्तर लिहावयाचे तेथेच प्रश्न दिसतो आणि वर्णनाची जागाही वाचते. मात्र ‘आपला आजार लिहा, औषध सांगतो’ असे कदापि लिहू नये. रुग्णाचे गुह्य चारचौघांत उघडे पडते आणि परीक्षणावाचून चिकित्सा होते. ‘आपल्या घरी ताकात काय घालतात?’ असा प्रश्न पुरेसा आहे.

प्रसिद्धीनंतर दुसऱ्याच्या संगणकावर व्हिडिओ शोधून पाहावा. न उघडता दिसणाऱ्या ओळींत विषय कळला नाही, तर क्रम चुकला असे समजावे. काही आठवड्यांनी यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कोणते शब्द शोधून आले, तेही तपासावे. केवळ वर्णनाने व्हिडिओ वर येत नाही. शीर्षक व आशय यांचा भार मोठा आहे. तरीही अनुपानाने औषधाची जागा घेऊ नये, हा विवेक आपणांस नवा नाही.