विश्लेषण : व्हिडीओ कॉलच्या चौकोनाखालचे नाव म्हणजे हजेरी नव्हे

सोसायटीची सभा असो, शाळेची पालकसभा असो की पक्षाची बैठक; कॉल संपायच्या आत कुणी ना कुणी स्क्रीनशॉट काढतो आणि तो व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. पुढे वाद झाला की हाच फोटो पुढे केला जातो. ‘हे बघा, तुम्ही हजर होतात, तुमचे नाव आहे.’ मात्र चौकोनाखाली दिसणारे नाव नेमके कुठून येते, हे पाहिले की हा पुरावा किती कच्चा आहे ते कळते.

नाव येते कुठून?

झूमवर खात्यात लॉगिन न करता कॉलमध्ये शिरता येते, फक्त यजमानाने लॉगिन सक्तीचे केलेले नसावे. तेव्हा ॲप नाव विचारते आणि जे टाइप कराल तेच सगळ्यांना दिसते. कॉल सुरू असतानाही Rename हा पर्याय वापरून नाव बदलता येते. यजमानालाही इतरांची नावे बदलता येतात. गुगल मीटवर लॉगिन केले असेल तर त्या खात्याचे नाव दिसते. पण खाते कुणाचे आणि फोन हातात कुणाच्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायक्रोसॉफ्ट टीम्स बाहेरून लॉगिनशिवाय आलेल्या माणसाच्या नावापुढे (Unverified) असे दाखवते, म्हणजे हे नाव आपण तपासलेले नाही असे ते स्वतःच सांगते.

याचा अर्थ लेबल खोटेच असते असा नाही. बहुतेक वेळा ते खरे असते आणि चुकते तेव्हाही बहुधा लबाडी नसते. आईच्या फोनवरून मुलगा जोडला जातो, ऑफिसच्या लॅपटॉपवर आधीच्या माणसाचे खाते उघडे राहते, नवऱ्याच्या खात्यावरून बायको बोलते. पण नाव तपासण्याचे काम ॲपने केलेले नसते, हे विसरता कामा नये.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, नाशिकमध्ये इंदिरानगरच्या एका सोसायटीत २७ सभासद आहेत. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी ती. २७ चे दोन तृतीयांश १८, म्हणून इथे कोरम १८ चा. सभा ऑनलाइन घेता येते का, हा कायद्याचा वेगळा प्रश्न. तो बाजूला ठेवू. विषय आहे टेरेसच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येकी ४० हजार रुपये गोळा करण्याचा. सेक्रेटरींच्या स्क्रीनशॉटमध्ये १९ चौकोन दिसतात. म्हणजे कोरम झाला?

आता एकेक चौकोन पाहू. सेक्रेटरी लॅपटॉपवरूनही जोडलेले आहेत आणि आवाज नीट यावा म्हणून फोनवरूनही. चौकोन दोन, माणूस एक. उरले १८. एका चौकोनाखाली एका आजींचे नाव आहे, पण कॉलवर आहे त्यांचा पुण्यातला मुलगा. त्यांच्यासाठी आलेली लिंक त्याने उघडली आणि नाव तसेच राहिले. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेला सभासदाच्या वतीने प्रतिनिधी किंवा मुखत्यार बसू शकत नाही. उरले १७. एका चौकोनाखाली फक्त Galaxy A14 लिहिले आहे. हे फोनचे मॉडेल, माणूस कोण ते कळत नाही. उरले १६. एका चौकोनात मात्र शेजारी शेजारी दोघे बसले आहेत, पती आणि पत्नी, दोघांच्या नावे वेगवेगळे फ्लॅट. लेबल एकाचेच, सभासद दोन. झाले १७.

म्हणजे १९ चौकोनांतून खात्रीचे सभासद १७ निघतात आणि कोरमला एक कमी पडतो. सगळा निकाल त्या Galaxy A14 वर येऊन थांबतो. सभा सुरू असताना ‘हा फोन कोणाचा?’ एवढे विचारले असते तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळाले असते. महिन्याभराने, ४० हजारांची पावती हातात आल्यावर विचारले तर उत्तर कसे येईल, हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते

स्क्रीनशॉटमध्ये नाव नाही म्हणून माणूस गैरहजर होता, असेही म्हणता येत नाही. झूमच्या संगणकावरील गॅलरीत एका पानावर साधारणपणे २५ चौकोन मावतात, सेटिंग बदलली तर ४९. फोनवर त्याहून कितीतरी कमी. बाकीचे पुढच्या पानावर असतात. शिवाय फोटो एका क्षणाचा असतो. ८ वाजता आलेला आणि ८.४० ला वीज गेल्यामुळे तुटलेला सभासद ८.४२ च्या फोटोत दिसणार नाही. उलट, सभा संपताना जोडला गेलेला मात्र त्यात ऐटीत दिसेल.

अहवाल काढला तर?

झूमच्या सशुल्क खात्यावर सभेनंतर सहभागींचा अहवाल मिळतो. गुगल मीटच्या काही सशुल्क योजनांतही हजेरीचा अहवाल येतो. त्यात आत येण्याची, बाहेर पडण्याची वेळ आणि एकूण मिनिटे असतात, म्हणून तो स्क्रीनशॉटपेक्षा बराच बरा. पण त्यातले नावही बहुधा तेच टाइप केलेले असते. ईमेलचा रकाना लॉगिन केलेल्यांपुरताच उपयोगी पडतो. पाहुणा म्हणून आलेल्याच्या नावापुढे तो रिकामा असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. पण ती नोंद कोणत्या उपकरणातून, कशी आली याबद्दल ते प्रमाणपत्र बोलते. चौकोनाखालचे नाव बरोबर आहे की नाही, हे त्यातून ठरत नाही.

जिथे जोखीम मोठी, तिथे काय करतात?

कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या बैठकांसाठी २०१४ च्या नियमांतच उत्तर आहे. व्हिडीओवरून बैठक सुरू होताना अध्यक्ष नावे पुकारतो. प्रत्येक संचालकाने आपले नाव, आपण कुठून बोलतो आहोत, विषयपत्रिका मिळाली आहे आणि आपल्या ठिकाणी दुसरे कोणी ऐकत नाही, हे नोंदीसाठी बोलून सांगायचे असते. न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने केलेल्या नमुना नियमांत साक्षीदाराकडून साक्षीआधी ओळखपत्र मागितले जाते. लेबलवर विसंबून कोणीच पुढे जात नाही.

सोसायटी, मंडळ किंवा पालकसभेलाही एवढेच करता येईल. वेटिंग रूममधून आत घेताना ‘बी-३०४’ अशी फ्लॅटसह नावे लावून घ्यावीत आणि मग सहभागींना नाव बदलण्याची मुभा बंद करावी. सुरुवातीला आणि मतदानाआधी कॅमेरा सुरू ठेवून फ्लॅटनुसार हजेरी पुकारावी. प्रत्येकाने ‘हजर’ म्हणावे आणि एका कॅमेऱ्यासमोर दोघे असतील तर दोघांनी स्वतंत्र म्हणावे. इतिवृत्तात आवाजाने दिलेली ही हजेरी लिहावी. स्क्रीनशॉट सोबत जोडला तर जोडावा, त्याच्या जागी नव्हे.

ग्रुपवर असा फोटो आला तर त्यातून एवढेच म्हणता येते की, त्या क्षणी या नावाचा चौकोन पडद्यावर होता. ‘अमुक माणूस बैठकीला होता आणि त्याने संमती दिली’ हे म्हणायला त्या माणसाचा चेहरा, आवाज किंवा त्याची स्वतःची कबुली लागते. यापैकी काही नसताना कुणाचे नाव इतिवृत्तात घालणे, किंवा त्या आधारावर कुणाला खोटे पाडणे, हा त्या माणसावर अन्याय आहे.