त्याचा पगार फ्लॅटला, तिचा पगार किराण्याला

"आमच्यात तुझं-माझं असं काही नाही." हे वाक्य मी आजवर ज्या ज्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं, त्या प्रत्येकाच्या घरात फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर होता. योगायोग असेलही. पण मला तो योगायोग वाटत नाही, आणि आजचं हे लिखाण त्याच वाक्याविरुद्ध आहे.

पुण्यामुंबईतल्या आपल्यासारख्या दोन पगारांच्या घरांमध्ये एक अलिखित वाटणी असते. त्याचा पगार जास्त म्हणून ईएमआय त्याच्या खात्यातून जातो. तिचा पगार कमी म्हणून किराणा, वीजबिल, कामवाल्या मावशी, पाळणाघर हे "किरकोळ" खर्च तिच्याकडे. ऐकायला किती समजूतदार वाटतं! आता जरा आकडे मांडू.

समजा त्याच्या हातात महिन्याला १,२०,००० येतात आणि तिच्या हातात ६०,०००. ईएमआय ४५,०००, घरखर्चही ४५,०००. तो ईएमआय भरतो, ती घरखर्च चालवते, म्हणजे अगदी निम्मं-निम्मं. शिवाय तो "आपल्या म्हातारपणासाठी" ३०,००० ची एसआयपी करतो, स्वतःच्या नावावर, कारण केवायसी त्याचं आधीच झालेलं होतं. दहा वर्षांनी बघा. त्याने ५४ लाख फ्लॅटमध्ये घातले आणि ३६ लाख फंडात. तिनेही ५४ लाखच घातले, पण ते गहू-तांदूळ आणि विजेत गेले. दोघांनी सारखेच कष्ट केले, पण एकाकडे मालमत्ता आहे आणि दुसरीकडे पावत्या. त्यासुद्धा कोणी जपून ठेवत नाही.

यात कोणी कोणाला फसवलेलं नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. नळ कुठून कुठे जोडला, एवढाच प्रश्न आहे. आणि कायदा प्रेमाकडे बघत नाही, नावाकडे बघतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. महाराष्ट्रात तसं काही नाही. इथे ज्याचं नाव, त्याची वस्तू. नंतर तिचं नाव चढवायचं म्हटलं तर बक्षीसपत्र, नोंदणी, कर्ज चालू असेल तर बँकेची परवानगी, अशी वरात निघते.

मग काय करायचं? तर नळ उलटे जोडायचे.

वरच्याच घरात एकूण गरज १,२०,००० ची आहे: ईएमआय, घरखर्च आणि निवृत्तीची बचत. पगाराचं प्रमाण दोनास एक, म्हणून त्याचा वाटा ८०,००० आणि तिचा ४०,०००. आता ३०,००० च्या बचतीचे दोन सारखे भाग करा. दोघं आपापल्या पगारातून, आपापल्या नावावर १५,००० गुंतवतात. सारखे का? कारण म्हातारपण पगाराच्या प्रमाणात येत नाही. उरलेले त्याचे ६५,००० आणि तिचे २५,००० एका जॉइंट खात्यात जातात, आणि त्या ९०,००० मधून ईएमआयही भरला जातो आणि किराणाही. त्याच्याकडे ४०,००० उरतात, तिच्याकडे २०,०००. त्याचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही. तिला आईला पैसे पाठवायचे असतील तर ते इथून, परवानगीशिवाय.

फ्लॅटच्या करारात दोघांची नावं हवीत, आणि हिस्साही लिहा, दोन-तृतीयांश नि एक-तृतीयांश. निम्मा-निम्मा लिहायचा असेल तर फारच छान, पण लिहा. मात्र एक धोका आहे. ती सहकर्जदार झाली की त्याचं काही बरंवाईट झाल्यावर ४५,००० चा हप्ता तिच्या ६०,००० वर येऊन बसतो. म्हणून उरलेल्या कर्जाएवढा तरी त्याचा टर्म इन्शुरन्स हवाच. तो घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यावा, म्हणजे ती रक्कम त्याच्या इतर देणेकऱ्यांच्या हाती लागत नाही. पॉलिसी घेऊन झाल्यावर ही सोय करता येत नाही.

इथे एक हुशार माणूस नेहमी म्हणतो, "एवढं कशाला? मीच तिच्या नावावर एसआयपी करतो, टॅक्सही वाचेल." नाही वाचणार. बायकोला दिलेल्या पैशावर गिफ्ट म्हणून कर नसतो, पण त्या पैशातून होणारं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. यालाच क्लबिंग म्हणतात. वरच्या रचनेत ती स्वतःच्या पगारातून गुंतवते आणि त्याचा पगार खर्चात जातो, म्हणून क्लबिंगचा प्रश्नच येत नाही. मूल झाल्यावर तिने दोन वर्षं नोकरी सोडली तर? तिचे १५,००० थांबवायचे नाहीत, ते त्याने भरायचे. त्यातले महिना १२,५०० तिच्या पीपीएफमध्ये टाकले की वर्षाची दीड लाखाची मर्यादा भरते. तिथलं व्याज मुळातच करमुक्त, त्यामुळे क्लबिंग झालं तरी बिघडत नाही. उरलेल्यावरचं उत्पन्न त्याने आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, बस्स.

आता नॉमिनीबद्दल. "मी सगळीकडे तिलाच नॉमिनी केलंय" हे दुसरं आवडतं वाक्य. अहो, नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हे पुन्हा स्पष्ट केलं. मालकी मृत्युपत्राने ठरते, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने.

तो कायदा दोघांना कसा वेगवेगळा वागवतो ते बघा. मूल नसलेलं हिंदू जोडपं घ्या, दोघांच्या आया हयात, मृत्युपत्र कोणाचंच नाही. तो गेला तर त्याची मालमत्ता बायको आणि आई यांच्यात निम्मी-निम्मी. ती गेली तर तिच्या कमाईतलं सगळं नवऱ्याला, आणि जिला ती दर महिन्याला पैसे पाठवत होती त्या आईला शून्य. नवराही हयात नसेल तरी आधी नवऱ्याचे वारस, मग तिचे आईवडील. म्हणजे तिच्या पीएफवर तिच्या आईच्या आधी दिराचा हक्क! म्हणून मृत्युपत्र दोघांचंही हवं, आणि तिचं आधी. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, फक्त ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. आणि पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने भरा, लग्नाआधीचं धरलं जात नाही.

"लग्न म्हणजे काय प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे का?" असा प्रश्न येणारच. नाही, कंपनीत निदान कोणाचे किती शेअर्स ते लिहिलेलं असतं. ज्यांना हिशोब प्रेमाच्या आड येतो असं वाटतं त्यांना माझं एकच सांगणं आहे. उद्यापासून सहा महिने ईएमआय तिच्या खात्यातून जाऊ दे, किराणा तुमच्या खात्यातून, आणि फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर करायची तयारी दाखवा. तुमच्यात तुझं-माझं नाहीच ना? मग काय फरक पडतो?