दुःखाच्या घरी चार ओळी

आमच्या शेजारचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. गेल्या महिन्यात त्याच्या लाइनवरच्या दादांची आई वारली. दादा रात्रीच्याच गाडीने लातूरकडे गावी निघाले. मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. "खाला, ग्रुपवर सगळ्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलंय. मीही तेच टाकू?"

मी म्हटलं, "बेटा, श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात. दादांचं सांत्वन करायचं असेल तर त्यांच्या नंबरवर वेगळं लिही."

त्याने लिहिलं, "तुमची आई एक्सपायर झाली असं कळलं. काय झालं होतं? कधी जॉइन होणार?"

मन साफ होतं, पण शब्द चुकले. 'एक्सपायर' हा शब्द सुपरवायझरला निरोप देताना चालून जातो, दुःखातल्या माणसाला कोरडा लागतो. 'मयत' हा पंचनाम्यातला वाटतो. आपण स्वतःच्या आईबद्दल 'आई गेली' म्हणतो, पण दुसऱ्याच्या आईबद्दल 'तुमच्या आई गेल्या' असं आदराने लिहावं. आणि दोन्ही प्रश्न काढून टाकावेत. त्यांची उत्तरं देण्याचं बळ तेव्हा कोणाकडे असतं?

"आत्म्यास शांती लाभो, असं लिहू का?" त्याला संकोच वाटत होता. मग आम्ही दोघांच्याही मनाला पटेल असं वाक्य शोधलं. शेवटी मेसेज असा झाला:

"दादा, तुमच्या आई गेल्या हे आज कळलं. फार वाईट वाटलं. त्यांनी गावाहून पाठवलेले धपाटे आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले होते, ते कायम आठवतील. हे दुःख सोसायचं बळ तुम्हा सगळ्यांना मिळो. रजेचं मी सुपरवायझरांशी बोललो आहे. दहावं होईपर्यंत इकडची काळजी करू नका. उत्तर द्यायची घाई नाही."

'काही लागलं तर सांगा' असं लिहिलं की मागण्याचं ओझं दुःखी माणसावरच पडतं. म्हणून केलेलं एक काम सांगितलं. आठवण खरी असेल तरच लिहावी. नसेल तर ते वाक्य सोडून द्यावं.

हाच मेसेज मोठ्या साहेबांना असता, तर भाषा थोडी बदलली असती: "आपल्या मातोश्रींचे निधन झाल्याचे समजले. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." एकदा 'आपण' धरलं की मध्येच 'तुम्ही' नको, आणि 'समजले' लिहिल्यावर पुढे 'कळलं' नको.

सहकारी आपल्यातला असेल तर आधी 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन', मग मगफिरतीची दुआ. एवढं लक्षात ठेवा: वडिलांसाठी 'मरहूम', आईसाठी 'मरहूमा'. घाईत दुसऱ्याचा मेसेज पुढे ढकलताना नेमकी हीच चूक होते.

दादा परतले, तेव्हा मुलगा त्यांच्या पिंपरीच्या खोलीवर जाऊन बसून आला. बोलणं फारसं झालं नाही म्हणाला. निघताना दादांनी एवढंच विचारलं, "धपाटे तुझ्या लक्षात होते?"