टिळकांची लाल पगडी एआयला काळी का दिसते?

जयंती-पुण्यतिथी आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर जुने फोटो रंगीत होऊन फिरू लागतात. हल्ली आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटोही कुणीतरी ॲपमध्ये टाकून दोन मिनिटांत रंगीत करतं. बघायला छान वाटतं. पण आजीचा शालू खरंच तपकिरी होता का? आणि टिळकांच्या फोटोत पगडी काळपट का येते?

आधी मॉडेल नेमकं काय करतं ते पाहू. फोटोची माहिती दोन भागांत विभागली जाते, एक उजेड-अंधार आणि दुसरा रंग. उजेड-अंधार मूळ फोटोतून जसाच्या तसा घेतला जातो. मॉडेल फक्त रंगाचा अंदाज बांधतं. त्यासाठी त्याला लाखो रंगीत फोटो आधी कृष्णधवल करून दाखवलेले असतात आणि मूळ रंग ओळखायला शिकवलेलं असतं.

पहिली अडचण इथेच आहे. गडद लाल आणि बाटली हिरवा हे दोन रंग घ्या. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या हिशेबाने ते करड्यात बदलले, तर 0 ते 255 च्या मापावर लाल साधारण 75 वर येतो आणि हिरवा 70 वर. डोळ्याला हा फरक कळत नाही आणि मॉडेललाही कळत नाही. साडी लाल असेल की हिरवी, हे ठरत नसेल तर चूक कमीत कमी व्हावी म्हणून ते मधला काहीतरी मातकट रंग देतं. 2016 मध्ये रिचर्ड झँग आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय म्हणून मॉडेलला सरासरी काढू न देता 313 रंगछटांपैकी निवड करायला लावली. चित्रं खुलली, पण अंदाज अंदाजच राहिला. फरक इतकाच की आता चुकीचा रंगही ठसठशीत दिसतो.

खरी मेख जुन्या फिल्ममध्ये

साधारण 1930 पर्यंत सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्लेट आणि फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर स्टुडिओवाले लाल दिव्याच्या उजेडात त्या धुऊ शकत. अशा फिल्मवर लाल वस्तू काळी उमटते आणि निळं आकाश पांढरं पडतं. वरचाच लाल रंग या फिल्मच्या ढोबळ हिशेबाने 75 ऐवजी 25 च्या आसपास जातो, म्हणजे जवळपास काळा.

टिळकांचं निधन 1920 मधलं. त्यांचे फोटो याच काळातले. मॉडेल मात्र आजच्या कॅमेऱ्याच्या हिशेबावर शिकलेलं. त्याला 25 दिसलं की ते काळा किंवा गडद तपकिरी म्हणतं. त्याच्या दृष्टीने तेच बरोबर आहे.

हेच त्वचेचं होतं. आपल्या त्वचेत लाल छटा असते, त्यामुळे या फिल्मवर चेहरा होता त्यापेक्षा सावळा उमटतो. उजेड-अंधार मॉडेल बदलत नाही, म्हणून तो सावळेपणा रंगीत फोटोतही राहतो. त्यावर रंग चढतो तो बहुतेकदा परदेशी चेहऱ्यांवरून शिकलेला, नारिंगी-गुलाबी. इमेजनेट या प्रसिद्ध फोटोसंग्रहात ज्या फोटोंचं ठिकाण कळलं त्यांतले सुमारे 45 टक्के अमेरिकेतले होते, भारतातले 2 टक्क्यांच्या आसपास. मग सावळ्या चेहऱ्याला उन्हात भाजल्यासारखी कळा येते आणि हात मात्र करडेच राहतात.

घरच्या फोटोत कसं ओळखायचं?

कुंकू बघा. ते लाल होतं हे बहुतेक वेळा आपल्याला माहीत असतं. फोटोत ते शाईच्या ठिपक्यासारखं काळं दिसत असेल आणि बाहेर काढलेल्या फोटोत आकाश कोरं पांढरं असेल, तर फिल्म लाल न दिसणारी असण्याची शक्यता मोठी. अशा फोटोतली काळी साडी काळी नसेलही. तशीही लग्नात काळी साडी कोण नेसत होतं?

अशा वेळी स्वयंचलित बटण दाबण्याऐवजी रंगाचे ठिपके देता येणारं साधन वापरावं. फोटोशॉपच्या कलराइज फिल्टरमध्ये ही सोय आहे. कपाळ, गाल आणि हात अशा तीन ठिकाणी घरातल्याच कुणाच्या रंगीत फोटोतून त्वचेचा रंग उचलून ठिपके द्या. शालू ट्रंकेत असेल तर खिडकीच्या उजेडात त्याचा फोटो काढा आणि तिथून रंग घ्या. पण काळ्या उमटलेल्या साडीवर नुसता लाल ठिपका दिला तर ती काळपट मरूनच होते, कारण खालचा अंधार तसाच असतो. तो भाग निवडून आधी थोडा उजळावा लागतो.

शालू नसेल आणि आठवणारं कुणी उरलं नसेल, तर ती साडी करडीच ठेवलेली मला जास्त पटते. आणि ग्रुपवर टाकताना मूळ फोटो सोबत जोडा. नाहीतर दोन फॉरवर्डनंतर ‘आजीचा शालू तपकिरी होता’ असं भाचरं सांगू लागतात.