रिक्षावाल्याकडून पैसे नेमके कशाचे घ्यायचे?

नवउद्योजकाचा बिझनेस प्लॅन उघडला की रेव्हेन्यू मॉडेलच्या पानावर हल्ली एक ठरलेले वाक्य असते: ‘आम्ही सबस्क्रिप्शन मॉडेल स्वीकारत आहोत, कारण त्यातून दरमहा खात्रीचे उत्पन्न मिळते.’ या वाक्यात कुणाला खटकण्याजोगे काही दिसत नाही. मला दिसते. ‘कारण’ या शब्दानंतर जे लिहिले आहे ती उद्योजकाची इच्छा आहे. ग्राहकाने दरमहा पैसे का द्यावेत, हे त्यात कुठेच नाही.

या मताच्या समर्थकांचा युक्तिवाद साधारण असा असतो. एकदाच विकून मोकळे होणे ही जुन्या दुकानदारीची रीत. कमिशन म्हणजे दुसऱ्याच्या कष्टातला वाटा, म्हणून ते लोकांना डाचते. सबस्क्रिप्शन मात्र दोघांच्याही सोयीचे. पुरावा म्हणून ते रिक्षाच्या ॲपकडे बोट दाखवतात. बेंगळुरूत 2022 च्या अखेरीस ‘नम्मा यात्री’ कमिशन न घेता उतरले आणि पुढे त्याने चालकाकडून दिवसाला 25 रुपये किंवा फेरीमागे साडेतीन रुपये घ्यायला सुरुवात केली. मग रॅपिडोने रिक्षांसाठी तीच वाट धरली, फेब्रुवारी 2025 मध्ये उबरने आणि त्याच वर्षी ओलानेही. चार कंपन्या एकाच दिशेने गेल्या, तेव्हा दिशा बरोबरच असणार, असा हा तर्क.

पुरावा त्यांनीच निवडला आहे, तर तोच तपासू. रिक्षा हे उदाहरण खरोखर चांगले आहे, कारण तिन्ही मॉडेल तिच्यात एकत्र नांदतात.

आधी एकदाच विक्री. रिक्षातले इलेक्ट्रॉनिक मीटर चालक एकदाच विकत घेतो. मीटर बनवणारा त्याच्याकडून फेरीमागे पैसा मागत नाही आणि मागूही शकत नाही. मीटर प्रवासी आणून देत नाही, एकदा बसवल्यावर ते कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालते आणि विक्रीनंतर कंपनीला त्यावर रोजचा खर्च येत नाही. भाडेवाढ झाली की मात्र रिकॅलिब्रेशन करावे लागते. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबई महानगरात रिक्षाचे किमान भाडे 23 वरून 26 रुपये झाले, तेव्हा चालकांना ते करून घ्यावे लागले आणि त्या कामाचे पैसे त्या वेळी वेगळे मोजावे लागले. वस्तूचे पैसे एकदा, कामाचे पैसे काम पडेल तेव्हा. यात जुनाट काहीच नाही. खर्च जिथे संपतो तिथे बिलही संपते, इतकेच. अशा मीटरवर कुणी मासिक वर्गणी लावली, तर चालक दुसऱ्या कंपनीचे मीटर बसवील.

आता कमिशन. ते शोषण आहे, हा आरोप अर्धाच खरा आहे. मध्यरात्री विमानतळावरून दूरच्या उपनगरात जाणारा प्रवासी ॲपने मिळवून दिला, तर त्या भाड्यातला वाटा मागणे रास्त आहे, कारण तो प्रवासी चालकाला एरवी मिळालाच नसता. शिवाय भाडे मिळाले नाही तर कमिशनही नाही, म्हणजे धंदा मंद असल्याची झळ कंपनीलाही बसते. कमिशनची खरी अडचण नैतिक नसून व्यवहारातली आहे. भर दुपारी स्टँडवर उभ्या असलेल्या चालकाला दोन गल्ल्यांपलीकडचे भाडे ॲपवरून येते. तो फोन करतो, “कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?” मग म्हणतो, “ताई, कॅन्सल करा, मी येतोच आहे, दहा रुपये कमी द्या.” भाडे 80 रुपये आणि कमिशन 15 टक्के धरले, तर 12 रुपये वाचतात. त्यातले 10 प्रवाशाचे, 2 चालकाचे आणि कंपनीच्या पदरी शून्य. दोन्ही बाजूंना फायदा असेल तिथे नियम लिहून गळती थांबत नाही. ती ओळखता मात्र येते. फेरी स्वीकारल्यानंतर रद्द होते आणि तरीही चालकाचा फोन प्रवाशाने दिलेल्या पत्त्याकडेच सरकत राहतो. अशा रद्द फेऱ्यांचे प्रमाण वाढू लागले, की ॲपने जोडून दिलेला व्यवहार ॲपबाहेर होतो आहे असे समजावे.

म्हणजे कमिशन तिथेच टिकते, जिथे व्यवहार कंपनीच्या डोळ्यांदेखत पुरा होतो आणि कंपनीला वगळण्यात दोघांचा तोटा असतो. रिक्षात यातले काहीच पक्के नाही. चालकाचा स्वतःचा स्टँड आहे, रस्त्यावर हात दाखवणारी गिऱ्हाईके आहेत आणि भाडे थेट त्याच्या हातात पडते.

मग सबस्क्रिप्शन जिंकले का? इथेच त्याच्या समर्थकांशी माझे खरे भांडण आहे. आपण मध्यम आकाराच्या एखाद्या शहरासाठी प्लॅन लिहितो आहोत असे समजू. आकडे गृहीत आहेत आणि कर बाजूला ठेवले आहेत. तीन चालक घ्या. ॲपवरून एकाला दिवसाला 2 फेऱ्या मिळतात, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 14. सरासरी भाडे 80 रुपये. नकाशा, ओटीपीचे एसएमएस आणि तक्रार निवारण मिळून कंपनीला फेरीमागे 2 रुपये खर्च येतो.

दिवसाला 25 रुपये ठेवले, तर पहिला चालक 160 रुपयांच्या धंद्यावर 25 देतो. हे 15 टक्के कमिशनपेक्षाही महाग पडले, तेही भाडी मिळण्याआधीच भरायचे. तो चार दिवसांत बंद करील, किंवा पाऊस असेल त्याच दिवशी रिचार्ज मारील. तिसरा चालक खूश राहील, पण त्याच्या 14 फेऱ्यांचा खर्च 28 रुपये आहे. म्हणजे सगळ्यात जास्त वापरणारा ग्राहकच कंपनीला रोज 3 रुपयांनी बुडवतो. ज्याच्याकडून नफा व्हायचा तो निघून जातो आणि ज्याच्यावर तोटा होतो तो मुक्काम ठोकतो. ‘खात्रीचे उत्पन्न’ ते हेच! खात्री उत्पन्नाची नव्हती, दराची होती. खर्च फेऱ्यांबरोबर वाढत असेल आणि वसुली दिवसावर अडकली असेल, तर धंदा वाढणे हीच आपत्ती ठरते.

दुसरा दोष याहून खोल आहे. दैनिक शुल्क घेणाऱ्या कंपनीचे उत्पन्न रिक्षांच्या संख्येवर वाढते, प्रवाशांच्या संख्येवर नाही. त्यामुळे तिला आणखी हजार चालक नोंदवण्याचा मोह होतो आणि तेवढीच भाडी जास्त जणांत वाटली जातात. चालकाने फेरी नाकारली तरी कंपनीचे त्या दिवशी काही जात नाही. ‘येत नाही म्हणाला’ ही प्रवाशाची तक्रार मग कंपनीच्या हिशेबात उमटतच नाही. पैसे कशाचे घेता, यावरून तुम्ही कुणासाठी राबता हे ठरते.

शिवाय मॉडेल बदलले की धंद्याचा घाटच बदलतो. उबरने रिक्षांचे कमिशन सोडले तेव्हा भाडे प्रवाशाने थेट चालकाला द्यायचे ठरले. भाड्याचा पैसा कंपनीच्या हातून गेला, की सवलतीची कुपने आणि परतावे देणेही अवघड होते. करही मॉडेलकडे पाहतो. ॲपवरच्या रिक्षाभाड्यावर 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे. केवळ सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ॲपने तो भरायचा की नाही, यावर कर्नाटकातच वेगवेगळ्या कंपन्यांच्या अर्जांवर उलटसुलट निर्णय आले. प्लॅनमध्ये या 5 टक्क्यांसाठी एक ओळ नसेल, तर निकाल विरुद्ध गेल्यावर सगळा हिशेब कोसळेल.

इतके खंडन केल्यावर माझी बाजू मांडणे भाग आहे. वरच्या शहरासाठी मी फेरीमागे साडेतीन रुपये आणि दिवसाला जास्तीत जास्त 35 रुपये असे शुल्क ठेवीन. प्रवाशाचा ओटीपी टाकून फेरी सुरू झाली, की चालकाने आधी भरलेल्या वॉलेटमधून ते वळते होईल, म्हणजे भाडे कुणाच्या हातात पडते याची फिकीर उरत नाही. साडेतीन रुपये चुकवण्यासाठी कुणी प्रवाशाला फोन करून गळ घालत बसत नाही. त्यातून प्रवाशाला देण्याजोगे काही उरतही नाही. तिघांकडून अनुक्रमे 7, 21 आणि 35 रुपये येतील. खर्च वजा जाता 3, 9 आणि 7 उरतील. कुणीच तोट्यात नाही आणि कुणीच पळून जाण्याजोगा नाही.

तिन्ही प्रकारचे चालक समसमान आणि महिन्याचे 26 दिवस धरले, तर एका चालकामागे सुमारे 165 रुपये उरतात. कार्यालय, पगार आणि सर्व्हर यांचा स्थिर खर्च महिना 6 लाख असेल, तर ना नफा ना तोटा व्हायला सुमारे 3,650 चालक लागतील. इथे कुणी म्हणेल, ‘फेरीचे शुल्क आणि दिवसाचा 25 रुपयांचा पास, दोन्ही ठेवा, चालक निवडेल.’ तो नक्की निवडेल, पण स्वतःला स्वस्त पडेल ते. तिसरा पास घेईल, पुन्हा 3 रुपयांचा तोटा होईल आणि तीच बेरीज 3,650 वरून 7,700 चालकांवर जाईल. ग्राहकाला पर्याय द्यायचे असतील, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा पर्याय घेणार हे धरूनच प्लॅन मांडावा लागतो.

‘मग 15 टक्के कमिशनवर साधारण 315 चालकांत भागते, ते का सोडता?’ हा आक्षेप वजनदार आहे आणि प्लॅनने तो लपवू नये. निम्म्या फेऱ्या बाहेर गळाल्या आणि त्यांचा खर्च मात्र आपल्यावर पडला, तरी 790 चालकांत भागते. कागदावर कमिशनच जिंकते. पण ते 790 चालक येणार कुठून? शेजारच्या ॲपवर कमिशन शून्य असताना फेरीमागे 12 रुपये द्यायला चालक तयार व्हायचा, तर आपण त्याला दुसरीकडे न मिळणारी भाडी दिली पाहिजेत. नव्या ॲपकडे ती नसतात. उद्या रुग्णालये, कंपन्या, रेल्वे स्थानक यांच्याशी करार करून ती मिळाली, तर तेवढ्या फेऱ्यांवर मी बेधडक कमिशन लावीन.

म्हणून रेव्हेन्यू मॉडेलच्या पानावर माझी मागणी चार गोष्टींची आहे. पैसे कोणत्या घटनेला घ्यायचे आणि ती घटना आपल्याला दिसते का. कमी, मध्यम आणि जास्त वापरणाऱ्या ग्राहकामागे खर्च वजा जाता काय उरते. नाकारलेल्या दोन मॉडेलचे आकडे आणि ते नाकारण्याचे कारण. आणि कोणत्या खुणेवर आपले मॉडेल चुकले असे मानायचे. माझ्या हिशेबात ती खूण ठरलेली आहे: एखाद्या चालकाच्या फेऱ्या दिवसाला 18 झाल्या, की खर्च 36 रुपये होतो आणि 35 ची मर्यादा तोट्यात जाते. असे चालक वाढले, तर मर्यादा बदलावी लागेल. शहरात 3,650 चालक मिळण्याजोगे नसतील, तर मॉडेल पुन्हा बदलून उपयोग नाही. तो धंदा त्या शहरात करू नये, असे प्लॅननेच स्पष्ट लिहावे.