घामाची पोळी आणि आठ अक्षरे



प्रार्थनेनंतर म्हणण्यासाठी मी एकदा मेहनतीवर दोन ओळी केल्या होत्या:

परिश्रमाविना यश न मिळे कदापि कोणाला,
उद्यमशीलासच गाठता येते ध्येयाला.

आठवड्याने फळा पुसून विचारले, तर एकाही मुलाला त्या पूर्ण आठवेनात. दोष मुलांचा नव्हता. ‘कोणाला–ध्येयाला’ हे यमक नुसत्या ‘ला’ प्रत्ययावर उभे आहे. तिथे ‘यशाला’, ‘सुखाला’ काहीही बसते, मग नेमका शब्द आठवावा कसा?

मग ‘कष्ट’ शब्द घेऊन पाहिला. पण आपल्या इंदूरची मुले दिवसभर हिंदीत वावरतात आणि हिंदीत ‘कष्ट’ म्हणजे त्रास. “कष्ट करा” ऐकून एका मुलीने विचारले, “सर, त्रास का करून घ्यायचा?” माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तरी हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तेव्हापासून मेहनतीचे नाव न घेता मेहनतीचे काम दाखवावे, असे माझे मत झाले.

पुढची ओळ होती, ‘शेती पिकते घामाने’. अक्षरे बरोबर आठ. पण मुले चार-चार अक्षरांवर टाळी देतात, आणि इथे टाळी ‘पिक’ आणि ‘ते’ यांच्या मधे पडते. शब्द तुटला की चाल अडखळते. शेवटी हे जमले:

घाम गाळी शेतकरी,
तेव्हा पोळी येते घरी.

प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत (जोडाक्षर एकच धरायचे) आणि चौथ्या अक्षरावर शब्द संपतो. ‘शेतकरी–घरी’ हे यमक नुसत्या प्रत्ययावर उभे नाही, आधीचा ‘र’ही जुळतो. ‘गाळी’ म्हणजे ‘गाळतो’, एवढे मात्र एकदा सांगावे लागते.

‘ळ’चाही फायदा झाला. एकाने ‘घाम गाली’ म्हटले आणि सगळा वर्ग हसला. पुढच्या वेळी त्याची जीभ आपोआप ‘ळ’कडे वळली. ‘फळ–बळ’ने हे होत नाही, कारण ‘फल–बल’ म्हटले तरी यमक जुळते आणि चूक झाकली जाते.

मुलांच्या स्वतःच्या कामावर ही जोडी केली:

आधी पाढे, मग खेळ,
दोन्हींसाठी आहे वेळ.

‘वेळ’ हा शब्द त्यांच्या हिंदीत नाही, तिथे ‘समय’ किंवा ‘टाइम’. म्हणून तो ‘ळ’सकटच शिकला जातो आणि ‘खेल’ला ‘खेळ’कडे ओढतो.

आपल्या कित्येक मुलांच्या कानी घराबाहेर मराठी पडते ती एवढीच. म्हणून फळ्यावर पुस्तकी सुविचार उतरवण्यापेक्षा दोन ओळी आपणच कराव्यात, असे मला वाटते. आठवड्याने पहिली ओळ म्हणून थांबा. दुसरी मुलांकडून आपसूक आली तर ठेवा, नाही तर खुशाल बदला.