रिठा की डिटर्जंट? आधी हळद लावून बघा

मंडळी, लग्नसराई संपली की घराघरातली पैठणी, शालू, रेशमी नऊवारी बाहेर येतात आणि व्हॉट्सअॅपवर तोच मेसेज फिरायला लागतो: रिठा नैसर्गिक म्हणून चांगला, डिटर्जंट केमिकल म्हणून वाईट. मला ही भाषाच पटत नाही. आपल्या वाडीत रिठ्याचं झाड असूनही पटत नाही. चुनाही नैसर्गिकच आहे, म्हणून काय कोणी त्यात शालू बुडवतं?

रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत, केसासारखी. सुती कपडा साबण, सोडा, धोपटणं सगळं सोसतो, हे दोन सोसत नाहीत. माती परीक्षणाच्या कागदावर आपण सामू बघतो ना, तोच इथेही बघायचा. सात म्हणजे उदासीन. कपड्याच्या साबणाच्या वडीचं पाणी नऊ-दहाच्या घरात असतं, धुण्याचा सोडा अकराच्या आसपास. रिठ्याचं पाणी पाचाच्या जवळपास, म्हणजे किंचित आंबट. रेशमाला वैर अल्कलीशी आहे. कोशावरचा डिंक काढायला कारखान्यात रेशीम साबणाच्या उकळत्या पाण्यात घालतात हे खरं, पण ते एकदाच. दर धुण्याला तसं केलं तर चकाकी उतरते आणि घडीवर सूत तुटायला लागतं.

आता घरच्या घरी हे कसं कळणार? हळद घ्या. पांढऱ्या कागदाला ओली हळद फासा, वाळवा, पट्ट्या कापा. धुण्याचं पाणी तयार झालं की एक पट्टी त्यात बुडवा. लाल-तपकिरी झाली तर ते पाणी रेशमाला लावू नका. पिवळीच राहिली तर निदान सामूची भीती नाही. वडीचा साबण आणि साधी पावडर पट्टी लाल करतात. रिठा करत नाही, आणि लोकरीसाठी मिळणारं चांगलं पातळ डिटर्जंटही करत नाही. म्हणजे मेसेजवाले ज्यांची झुंज लावतात, ते दोघे एकाच बाजूचे निघाले! हळदीत बसलेल्या नवरीच्या पातळावरचा डाग साबण लावताच लाल का होतो, तेही यातच आलं. तो रक्ताचा नाही. लिंबाच्या पाण्याचा थेंब लावा, परत पिवळा होतो. जात मात्र नाही.

एक गोष्ट हळद सांगत नाही. कपड्यांच्या बऱ्याच पावडरींत आणि लिक्विडमध्ये एन्झाइम असतात. रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग म्हणजे प्रथिनं, आणि त्यातलं एक एन्झाइम प्रथिनंच खातं. डाग खाता खाता ते रेशीम आणि लोकरही खातं. नुकसान लगेच दिसत नाही, पाच-सहा धुण्यांनी कापड विरविरीत होतं. त्यामुळे बाटलीवर ‘लोकर आणि रेशमासाठी’ लिहिलेलं आहे का, आणि मागच्या बाजूला एन्झाइम लिहिलंय का, हे दोन्ही वाचा. नुसत्या ‘माइल्ड’ शब्दावर जाऊ नका. रिठ्यात ही भानगडच नाही, हा त्याचा खरा फायदा.

दुसरा फायदा आपल्या राजोडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावाला जास्त कळेल. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं, आणि जड तर ते असतंच. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा राखाडी चिकट साका होतो आणि रेशमाच्या वळ्यांत जाऊन बसतो. बाटलीत विहिरीचं पाणी घ्या, साबणाचा कीस टाकून हलवा. वर फेसाऐवजी चोथा तरंगतो. तेच रिठ्याच्या पाण्याने करा, फेस येतो, चोथा नाही. पातळ डिटर्जंटचंही तसंच. पण मचूळ पाण्याचं मीठ जरीला लागतं. जुनी जर चांदीची, आजची बरीचशी तांब्यावर चढवलेली, आणि मिठाने दोन्ही काळवंडतात. तिथे रिठा काही करू शकत नाही. म्हणून शेवटचं खंगाळणं पागोळीच्या साठवलेल्या पाण्यात, नाहीतर बावखलाच्या निवळलेल्या पाण्यात करावं. (बावखलं बुजवणाऱ्यांनी हेही ऐकावं.)

आमच्याकडची पद्धत सांगतो. एका साडीला आठ-दहा सुके रिठे. आपल्याकडचा रिठा दोन-तीन बोंडं जोडलेला असतो, वाण्याकडचा बऱ्याचदा उत्तरेकडचा गोल आणि सुटा. कोणताही चालतो. काळी बी काढून टाका, गुण सालीत आहे. साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं मंद उकळा, चोळा, सुती फडक्यातून दोनदा गाळा. गार झालं की पाच-सहा लिटर पाण्यात मिसळा. आधी साडीच्या आतल्या कोपऱ्याला ते पाणी लावून वर पांढरं फडकं दाबा. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबा, ती साडी ड्रायक्लीनिंगची. नाही उतरला तर साडी पाच मिनिटं बुडवा आणि नुसती दाबत राहा. घासू नका, पिळू नका. दोन-तीनदा खंगाळा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत वाळवा. उरलेलं पाणी तीन-चार दिवसांत आंबतं, साठवू नका.

आता रिठ्याच्या पंख्यांना न आवडणारं. रिठ्याचं पाणी तपकिरी असतं. पांढऱ्या किंवा मोतिया रेशमावर दोन-चार धुण्यांत पिवळट झाक येते. शिकेकाई त्याहून गडद, तिची भुकटी विणीत अडकते. आणि तूप-तेल! धूळ, घाम रिठा काढतो, पण मटणाच्या रश्शाचा थेंब रिठ्याला हलत नाही. फेस भरपूर दिसतो म्हणून काम झालं असं वाटतं, वाळल्यावर डाग तिथेच. अशा ठिकाणी लोकरीचं पातळ डिटर्जंट सरळ वापरावं, अर्ध्या बादलीला एक लहान चमचा पुरे. माझ्या मते रंगीत, घामट साडीला रिठा, पांढऱ्याला आणि तेलकटाला डिटर्जंट, आणि वडी-पावडर कोणालाच नको.

लोकरीचं गणित थोडं वेगळं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. रिठ्याच्या पाण्यात चोळला तरी होतोच. म्हणून पाणी कोमट, धुताना आणि खंगाळताना सारखंच, आणि स्वेटर आडवा पसरून वाळवायचा. घोंगडं मात्र धुवूच नये. त्याला चिंचोक्याची खळ असते, ती निघून गेली की ते लुळं पडतं. उन्हात झटकावं, डाग तेवढा ओल्या फडक्याने टिपावा.

जाता जाता एक. रिठ्याचं धुणं केळीच्या आळ्यात गेलं तर हरकत नाही, पण बावखलात सोडू नका. त्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना बाधतं, असल्याच फेसाळ झाडपाल्याने ओढ्यातले मासे गुंगवायची जुनी रीत होती. डिटर्जंटचं पाणीही माशांना तितकंच वाईट. बादली बावखलापासून लांब, वाडीच्या कडेला ओता.